बेडरूमच्या रेंडरमध्ये वॉलपेपरची फुलं ताणली जातात तेव्हा: आधी रोल मोजा, भिंत नंतर

प्रश्न: बेडमागच्या भिंतीवर (१२ बाय ९ फूट) मोठ्या फुलांचा वॉलपेपर दाखवायचाय, स्केचअप आणि व्ही-रे वापरतोय. इमेज टाकली की आधी डिझाइन मुंग्यांएवढं बारीक येतं, ओढून भिंतीएवढं केलं की फुलं आडवी फुगतात, आणि बाजूच्या भिंतीवर वळवलं की नुसत्या रेघा दिसतात. रूमच्या साइजला नीट कसं बसवायचं?

उत्तर:

थोडा वेळ ती १२ बाय ९ ची भिंत विसरा. वॉलपेपरच्या सॅम्पल बुकात त्या डिझाइनचं पान उलटं करून बघा, मागे नाहीतर खाली पट्टीवर दोन आकडे छापलेले असतात, रोलची रुंदी आणि पॅटर्न रिपीट. आपल्याकडे सगळ्यात जास्त विकला जाणारा रोल म्हणजे ५३ सेंटीमीटर रुंद आणि साधारण १० मीटर लांब, ज्याला दुकानदार '५७ स्क्वेअर फूटचा रोल' म्हणतात. कोरियन रोल १०६ सेंटीमीटर रुंद असतात. रिपीट म्हणजे तेच फूल उभ्या दिशेत परत किती अंतरावर येतं ते, मोठ्या फुलांच्या डिझाइनमध्ये ६४ सेंटीमीटर हा आकडा फार वेळा सापडतो. तर फुलाचा साइज या दोन आकड्यांनी ठरून गेलेला आहे, कारखान्यातच. तुमची भिंत १२ फूट असो की २० फूट, फूल तेवढंच राहणार. भिंतीमुळे फक्त एवढंच ठरतं की डिझाइन कुठून सुरू होतं आणि कोपऱ्यात कुठे कापलं जातं. तुम्ही 'भिंतीएवढं केलं' ना, सगळा घोळ तिथेच झालाय.

आता तुमच्या कागदाचे आकडे माझ्याकडे नाहीत, म्हणून मी ५३ रुंदी, ६४ रिपीट धरून पूर्ण करून दाखवतो, तुम्ही तुमचे आकडे घाला.

पहिलं काम इमेजचं, आणि अर्ध्याहून जास्त लोक इथेच चुकतात पण दोष स्केचअपला देतात. इमेजमध्ये बरोबर एक रोलची रुंदी आणि बरोबर एक रिपीट एवढाच तुकडा हवा, ना केसभर जास्त ना कमी. कंपनीच्या साइटवरून सपाट इमेज मिळाली तर उत्तम. मोबाइलने बुकचा फोटो काढला असेल तर तो हमखास तिरका असतो, वरची कड खालच्यापेक्षा आखूड, तो आधी फोटोशॉपच्या Perspective Crop ने सरळ करा. मग एखादी ठळक खूण पकडा, समजा एका पानाचं टोक, आणि सरळ खाली जात तेच टोक परत कुठे येतं ते शोधा, या दोन टोकांमधलं अंतर म्हणजे तुमचे ६४ सेंटीमीटर. क्रॉप करून इमेज १०६० बाय १२८० पिक्सेलची करा, म्हणजे एका सेंटीमीटरला २० पिक्सेल. हे हिशेबाला सोपं जातं आणि भिंत समोरून दाखवायला पुरेसं आहे, कारण १९२० पिक्सेल रुंद रेंडरमध्ये ही १२ फुटी भिंत फार तर चौदा-पंधराशे पिक्सेल व्यापते, म्हणजे सेंटीमीटरला चारच पिक्सेल. पण हे करताना एक गोष्ट बघा, क्रॉप केलेला तुकडा मुळातच ५३ला ६४ या प्रमाणात हवा. तो चौरस निघाला आणि तुम्ही Image Size मधली साखळी तोडून जबरदस्तीने १०६० बाय १२८० केला तर फूल तिथेच ताणलं गेलं, पुढे स्केचअपमध्ये काहीही करा सुटणार नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे मॅच. लेबलवर छोटे बाण असतात. दोन बाण समोरासमोर एका रेषेत असतील तर स्ट्रेट मॅच, शेजारचा पट्टा त्याच उंचीवर लागतो. बाण वरखाली सरकलेले असतील तर ऑफसेट, ज्याला आपले लोक हाफ ड्रॉप म्हणतात, आणि शेजारी ६४/३२ असं लिहिलेलं असतं, म्हणजे रिपीट ६४ आणि पुढचा पट्टा ३२ ने खाली सरकवून लावायचा. बाण आणि शून्य असेल तर फ्री मॅच, टेक्श्चरवाले प्लेन कागद असतात ते, त्यांची कटकट नाही. मोठ्या फुलांचे कागद बऱ्याचदा हाफ ड्रॉप असतात, आणि तिथे एका पट्ट्याची इमेज तशीच शेजारी शेजारी लावली तर फुलं एका आडव्या रेषेत उभी राहतात, शाळेच्या प्रार्थनेसारखी, आणि जोडावर पानं अर्धी तुटतात. मग माणूस ती तुटलेली पानं जुळवायला रुंदी थोडी ओढतो, अजून थोडी ओढतो, आणि फूल फुगतं. तुमचंही असंच झालं असण्याची दाट शक्यता आहे.

हाफ ड्रॉपसाठी दोन पट्ट्यांची एक टाइल बनवायची. मूळ इमेजची कॉपी घ्या, त्यावर Filter > Other > Offset, आडवं ०, उभं ६४०, आणि Wrap Around निवडा. जिम्पमध्ये हेच Layer > Transform > Offset मध्ये मिळतं. मग २१२० बाय १२८० चा कोरा कॅनव्हास घेऊन डावीकडे मूळ, उजवीकडे ही सरकवलेली कॉपी. झाली १०६ बाय ६४ सेंटीमीटरची टाइल, हीच आता सरळ रिपीट होते. यात दोन तपासण्या आपोआप होतात. सरकवलेल्या कॉपीच्या बरोबर मध्यावर आडवी रेघ दिसली तर तुमचा उभा क्रॉप रिपीटवर बसलेला नाही, परत कापा. आणि दोन पट्ट्यांच्या उभ्या जोडावर पानाचे दोन अर्धे एकमेकांना भेटले नाहीत तर एकतर कड नीट कापली गेली नाही किंवा कागद हाफ ड्रॉप नाहीच, लेबल परत वाचा. ही दहा मिनिटं इथे घालवा, नंतर रेंडरमध्ये शोधत बसलात तर रात्र जाते. (आणि हो, मोबाइलच्या फोटोत एका बाजूने उजेड पडलेला असेल तर भिंतीवर दर ५३ सेंटीमीटरला गडद पट्टा येतो, तो आकाराचा दोष नाही, उजेडाचा आहे, इमेजमध्येच सपाट करा.)

आता स्केचअप. Materials मध्ये नवीन मटेरियल बनवून इमेज दिली की स्केचअप तिला स्वतःच्या मनाने काही इंचांचा साइज देतं, त्याला काय माहीत तुमचा कागद केवढा आहे, म्हणून मुंग्या दिसतात. Edit टॅबमध्ये रुंदी आणि उंचीचे दोन खाने आहेत आणि शेजारी साखळीचं चिन्ह. साखळी तोडायची नाही. स्ट्रेट मॅच असेल तर एकाच पट्ट्याच्या इमेजला रुंदी 530mm द्या, हाफ ड्रॉपच्या दोन पट्ट्यांच्या टाइलला रुंदीच्या खान्यात टाइप करा:

```
1060mm
```

आणि उंचीत आपोआप 640mm आलं पाहिजे. आलं तर इमेज बरोबर कापली आहे. ६५५ किंवा ६२० आलं तर साखळी तोडून ६४० लिहायचा मोह आवरा, तो आकडा सांगतोय की क्रॉप चुकलाय, मागे जा. मी तर नवीन मुलांना साखळी हा एक्स-रे आहे असंच सांगतो.

व्ही-रेमध्ये टेक्श्चरच्या प्लेसमेंटमधला रिपीट १ आणि १ असाच ठेवा. तिथे कुणी २ केलं की स्केचअपच्या स्क्रीनवर एक दिसतं आणि रेंडरमध्ये दुसरंच, शिवाय रंगाच्या इमेजचा रिपीट बदलला आणि बम्पचा बदलायचा राहिला तर फुलाच्या उठावाची सावली एकीकडे आणि फूल दुसरीकडे. साइज एकाच ठिकाणी ठरवायचा, स्केचअपच्या मटेरियलमध्ये.

एवढं करूनही फुलं आडवी फुगलेली दिसली तर गुन्हेगार भिंतीचा ग्रुप असतो. होतं काय, भिंत आधी १० फुटाची काढलेली असते, नंतर क्लायंट सांगतो नाही हो १२ आहे, आणि आपण ग्रुप सिलेक्ट करून Scale टूलने ओढतो. भिंत १२ ची होते, पण तिच्यावरची फुलंही आतून १.२ पट रुंद होतात आणि उंची तीच, म्हणजे ३० सेंटीमीटरचं गोल फूल ३६ बाय ३० चं लंबगोल. मटेरियलमध्ये मात्र आकडे १०६० आणि ६४० च दिसतात, म्हणून माणूस चक्रावतो. ग्रुपवर राइट क्लिक करून Reset Scale दिसत असेल तर ते करा, भिंत परत १० ची होईल, मग ग्रुपच्या आत जाऊन Push/Pull ने २ फूट वाढवा. Push/Pull ने टेक्श्चर ताणत नाही, नुसतं पुढे चालू राहतं. भिंतीची लांबी बदलायला Scale टूल वापरायचंच नाही, ही सवयच लावून घ्या. मॅक्सवाल्यांना हाच त्रास Reset XForm न केल्यामुळे होतो आणि ब्लेंडरवाल्यांना Ctrl+A ने स्केल अप्लाय न केल्यामुळे, रोग एकच.

फुगण्याचं दुसरं कारण Texture > Position मधल्या चार रंगीत पिना. लाल पिन नुसती सरकवते. हिरवी लहानमोठं करते आणि फिरवते, निळी तिरकं करते, पिवळी तर चारी कोपरे वेगवेगळे ओढून फूल वितळल्यासारखं करते. वॉलपेपरसाठी फक्त लाल वापरा. बाकीच्यांना चुकून हात लागला असेल तर त्याच मोडमध्ये राइट क्लिक करून Reset.

रेघांचं कारण वेगळं आहे. फेसवर राइट क्लिक > Texture मध्ये Projected ला टिक असेल आणि तुम्ही तिथून आयड्रॉपरने उचलून काटकोनातल्या भिंतीला लावलं, तर स्केचअप ते डिझाइन समोरून प्रोजेक्टरने टाकल्यासारखं टाकतं, बाजूची भिंत त्या उजेडाला समांतर असते म्हणून फुलाच्या कडेचा एकेक ठिपका लांब ओढला जातो आणि रेघा होतात. Projected ची टिक काढा, पेंट बकेट घेऊन Alt दाबून बेडमागच्या भिंतीवरून मटेरियल उचला, आणि बाजूच्या भिंतीवर क्लिक करा. कोपऱ्यात फूल घडी घालून वळल्यासारखं पुढे चालू राहील, खरा कागद वळतो तसंच. खिडकीमुळे किंवा कोनाड्यामुळे भिंतीचे तुकडे झाले असतील तरी हेच, प्रत्येक तुकडा शेजाऱ्याकडून उचलून रंगवा, लायब्ररीतून नवीन टाकू नका, नाहीतर शेजारच्या तुकड्याशी डिझाइन जुळेलच असं नाही. Projected वक्र भिंतीला लागतं, सपाट भिंतींना नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न, रूमला बसवणं. भिंत ३६६ सेंटीमीटर, पट्टा ५३ चा, भागाकार ६.९. इथे हात शिवशिवतात, की जरा रुंदी ओढून घेऊ, बरोब्बर ७ पट्टे बसतील. नका करू. साइटवर कारागीर शेवटचा पट्टा पात्याने कापतो, ओढत नाही. तुमच्या हातात फक्त सुरुवात कुठून करायची ते आहे. डाव्या कोपऱ्यातून सुरू केलं तर ६ पूर्ण पट्टे आणि उजवीकडे ४८ सेंटीमीटरचा तुकडा, हिशेबाला सोपं, पण बेड मधोमध आणि फूल मात्र कुठेतरी बाजूला, बघताना डोळ्याला खटकतं. भिंतीच्या मध्यावर, म्हणजे १८३ वर, पट्ट्याचा मध्य आणला तर मधला एक, त्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन पूर्ण आणि दोन्ही कोपऱ्यांत साधारण साडेपन्नास सेंटीमीटरचा तुकडा, एकूण ७ पट्टे, दोन्हीकडे सारखं. मध्यावर जोड आणला तर दोन्हीकडे तीन-तीन पूर्ण आणि २४ सेंटीमीटरची चिंधी, पट्टे ८. त्यामुळे या भिंतीला मी पट्ट्याचा मध्य बेडच्या मध्यावर घेईन, आणि मुख्य फूल पट्ट्याच्या मधोमध नसेल तर ते बघून थोडं सरकवेन. करायचं कसं, भिंतीच्या मध्यावर एक गाइड टाका आणि लाल पिनने फूल त्यावर आणा, बस.

उभ्या दिशेत ९ फूट म्हणजे २७४ सेंटीमीटर, भागिले ६४, म्हणजे ४.३ रिपीट. हेडबोर्ड समजा ४ फूट, १२० सेंटीमीटर, म्हणजे त्याच्यावर दिसणार फक्त दीड मीटर, जेमतेम अडीच रिपीट. तेव्हा सजवायचा भाग वरचाच आहे. कागद लावणारेही वरून खाली येतात आणि वरती पूर्ण फूल किंवा पूर्ण पक्षी घेतात, खाली स्कर्टिंगजवळ काय कापलं गेलं ते कुणी बघत नाही, शिवाय ते बेडमागे जातं. रेंडरमध्येही फॉल्स सीलिंगच्या खालच्या कडेला फुलाचं डोकं कापलं जात नाही ना ते बघा, जात असेल तर लाल पिनने खाली घ्या. हाफ ड्रॉप असेल तर एक पट्ट्याआड फूल अर्धं कापलं जाणारच, तो कागदाचा स्वभाव आहे, तो लपवायला साइज बदलू नका.

मी हे एवढं का सांगतोय तर माझं स्वतःचं हसं झालंय. सुरुवातीच्या दिवसांत एका बेडरूमला मी फूल दीडपट मोठं दाखवलं होतं, प्रमाण बरोबर, ताण अजिबात नाही, फक्त मोठं, कारण रेंडरमध्ये ते भारी दिसत होतं. क्लायंटला आवडलं, रोल आले, कागद लागला, आणि काकू भिंतीसमोर उभ्या राहून म्हणाल्या, "अहो, तुमच्या फोटोतली फुलं कुठे गेली?" मला उत्तर नव्हतं. कागद तोच होता, खोटा फोटो होता. तेव्हापासून मी रेंडर पाठवायच्या आधी उशीशी ताडून बघतो. आपली नेहमीची उशी १७ बाय २७ इंच, म्हणजे लांबी साधारण ६९ सेंटीमीटर. ६४ चा रिपीट म्हणजे एका फुलापासून त्याच फुलापर्यंतचं उभं अंतर उशीच्या लांबीपेक्षा किंचित कमी दिसलं पाहिजे. उशी भिंतीला लागूनच असते त्यामुळे तुलना चांगली जमते. रेंडरमध्ये ते अंतर दोन उश्यांएवढं दिसलं तर कुठेतरी दुप्पट झालंय.

कॅमेऱ्याबद्दलही बोलायला हवं, कारण सगळं बरोबर करूनही लोक परत लिहितात की कडेची फुलं ताणलेली आहेत. छोट्या बेडरूममध्ये सगळं दिसावं म्हणून आपण अँगल ८०-९० अंश करतो, आणि मग बाजूच्या भिंतीवरची, फ्रेमच्या कडेजवळची फुलं लांबुडकी होतात. हे टेक्श्चर नाही, हा रुंद लेन्सचा परिणाम आहे. ओळखायची खूण सोपी: कॅमेरा बेडमागच्या भिंतीला अगदी समोरासमोर, समांतर असेल तर त्या भिंतीवरचं फूल मध्यावर आणि कडेला सारखंच दिसायला हवं, कितीही रुंद अँगल असला तरी. तिथेही कडेचं फूल वेगळं असेल तर दोष भिंतीत किंवा पिनांत. आणि समोरची भिंत ठीक, फक्त बाजूची बिघडलेली असेल तर कॅमेरा. तेव्हा Zoom टूल घेऊन कीबोर्डवर हे टाइप करा:

```
55 deg
```

आणि कॅमेरा मागे न्या, मागची भिंत आड येत असेल तर ती लपवा किंवा सेक्शन प्लेनने कापा. मात्र मागची भिंत लपवली की उजेड बदलतो, ते सांभाळा. फुलाने खात्री पटत नसेल तर २१२० बाय १२८० च्या कोऱ्या इमेजवर एक पूर्ण गोल काढा, मटेरियलमधली फुलांची इमेज काढून त्याच १०६ बाय ६४ सेंटीमीटर साइजला ती लावा आणि रेंडर करा. गोल खोटं बोलत नाही, फुलाचा लंबगोल डोळ्याला पचतो, गोलाचा पचत नाही.

शेवटचं, क्लायंट म्हणाला मला फूल मोठंच हवं, तर रोल सोडा आणि कस्टम म्युरल घ्या, भिंतीच्या मापाने छापून मिळतं. तिथे मात्र भिंत मोजायची. पण तिथेही ओढायचं नाही, कापायचं. तुमची भिंत १२ बाय ९, म्हणजे ४:३. आणि इमेज बऱ्याचदा १६:९ ची असते. उंची ९ फुटाला बसवली की ती १६ फूट रुंद होते, ४ फूट जास्तीचे कापून टाकायचे, डावीकडून की उजवीकडून ते चित्र बघून ठरवा. त्याच १६:९ ला दाबून १२ फुटात कोंबलं तर प्रत्येक गोष्ट पाव हिस्सा बारीक होते, कमळाची कळी होते. छापणाऱ्याला फाइल देताना चारी बाजूंनी दोन-तीन इंच जास्त द्या, कारण आपल्या बिल्डिंगांच्या भिंती काटकोनात असतात हा फक्त ड्रॉइंगमधला समज आहे. रेंडरमध्ये टाकताना त्या जास्तीच्या इंचांसकटचा साइज मटेरियलमध्ये लिहा आणि लाल पिनने मध्य जुळवा, म्हणजे छापून आलेलं आणि दाखवलेलं एकच राहील.